हसऱ्या बाईंचा वरचा ओठ

आमच्या शाळेतल्या मुलांना ऐकू येत नसे. त्यामुळे शाळा अगदी शांत असेल असं बाहेरच्यांना वाटायचं. प्रत्यक्षात इतकी गोंगाटाची शाळा दुसरी नसेल. बाक ओढला की किंचाळतो, दार सोडलं की आपटतं, हे ज्याला कधी कळलंच नाही तो बाक हळू का उचलेल? नवा शिक्षक पहिले काही दिवस दचकत असे. मग सवय व्हायची.

मुलं कुणालाच नावाने ओळखत नसत. प्रत्येकाची एक खूण ठरलेली असे आणि ती मुलंच ठरवत. चित्रकलेच्या सरांची खूण म्हणजे डोक्यावरून फिरवलेला तळहात, कारण तिथे केस नव्हते. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणजे नाकावर चष्मा वर सारणं. यात कुणाचा अपमान नसे. पोरं जे दिसतं ते घेत. पहिल्या वर्गाच्या बाईंची खूण होती ओठ फाकून पुढच्या दातांवरून आडवं फिरवलेलं बोट. आम्ही ऐकणाऱ्या शिक्षकांनी त्याचं भाषांतर करून घेतलं होतं, हसऱ्या बाई.

त्या खरोखरच दात दाखवून हसत. दातही तसेच होते, सरळ आणि भरघोस. पण त्यांचं हसणं हा निव्वळ स्वभाव नव्हता, ते कामाचा भाग होतं. पहिल्या वर्गात येणाऱ्या मुलाला तोंडातून आवाज काढायला शिकवायचं, तेही तो आवाज त्याला धड ऐकू येत नसताना. कानात यंत्र असतं, पण त्यातून बऱ्याच जणांपर्यंत नुसती घरघर पोचते. मग मूल शिकतं डोळ्यांनी आणि हातांनी. खोलीत खिडकीसमोर एक मोठा आरसा होता. त्यापुढे बाई आणि मूल शेजारी शेजारी बसत, दोघांची तोंडं एकाच उंचीवर. ‘प’ म्हटलं की तोंडापुढची कागदाची पट्टी उडते. ‘म’ म्हटलं की नाकाला गुदगुल्या होतात. ‘स’ला दात जवळ येतात, ओठ बाजूला होतात आणि हाताच्या पाठीवर थंड वाऱ्याचा एक दोरा लागतो. तो दोरा पहिल्यांदा लागला की मूल चमकून हाताकडे बघतं. बाकीचे शिक्षक फळ्यावर लिहीत, हसऱ्या बाई आपल्या तोंडावर लिहीत.

त्या तोंडाकडे त्यांनी स्वतः मात्र पुष्कळ वर्षं दुर्लक्ष केलं. दात घासताना रक्त यायचं, तेव्हा त्या ब्रशला दोष द्यायच्या. हिरड्या फुगलेल्या, लालबुंद. “वयच झालं,” म्हणायच्या. पुढचा एक दात जिभेने ढकलला तर किंचित हलतो असं ध्यानात आलं तेव्हा कुठे त्या हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तपासणीत कळलं की हिरडीच्या आत दातांच्या मुळांवर दगडासारखा थर बसला आहे आणि दातांभोवतीचं हाड झिजत चाललं आहे. तोंड बधिर करून, हिरडीखालून मुळं खरवडून साफ केली. रक्त थांबलं, सूज ओसरली, हलणारा दात बराचसा स्थिरावला. डॉक्टरीणबाई खूश होत्या.

नंतरच्या एका सकाळी हसऱ्या बाई एका मुलीला घेऊन वर्गातल्या आरशासमोर बसल्या. खिडकीतून ऊन थेट तोंडावर आलं होतं. “बघ,” म्हणत त्यांनी ‘स’साठी ओठ फाकवले आणि तशाच थबकल्या. पुढच्या दोन दातांच्या मधोमध, हिरडीपाशी, काळा त्रिकोण. शेजारी दोन्हीकडे आणखी एकेक. टोकं खाली, तळ वर. जणू कुणी दातांच्या मुळाशी कात्रीने खाचा पाडल्या होत्या. घरच्या न्हाणीघरातल्या पिवळट दिव्यात हे कधी दिसलंच नव्हतं.

त्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणत असू. एका जागी ती बसतच नसे, फक्त या आरशापुढे बसायची. तिने आरशातल्या त्रिकोणाकडे बोट केलं, मग बाईंच्या खऱ्या तोंडाकडे, आणि भुवया उंचावल्या. हे काय?

बाईंनी ओठ मिटले.

घरी त्यांनी नवऱ्यासमोर खिडकीत उभं राहून विचारलं, “अहो, इथे बघा. काही दिसतंय?”

“दात दिसताहेत.”

“मधे?”

त्यांनी चष्मा शोधला, लावला, वाकून पाहिलं. “फटी पडल्यात की! नीट करायला गेलीस ना तू? म्हणतात हात दाखवून अवलक्षण, तू दात दाखवून करून आलीस.” मग बायकोचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, “अगं, कुणाला दिसतंय एवढं? मला सांगितल्यावर दिसलं.”

“तुम्हाला सांगितल्यावरच सगळं दिसतं,” बाई म्हणाल्या. नवऱ्याचं तेवढं एकच वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं, नीट करायला गेलीस ना. डॉक्टरनेच फटी पाडल्या असं त्यांनी ठरवून टाकलं आणि पुढच्या तपासणीची तारीख आली तेव्हा त्या गेल्याच नाहीत.

त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे. या वयात दातांची लाज वाटावी याचीच त्यांना आणखी लाज वाटे. कुणाला सांगणार आणि काय सांगणार? नटूनथटून मिरवणारी बाई नव्हती ती. पण शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कप तोंडापुढून हलेना. हसू आलं की हात वर जाई. जेवण झालं की त्या उठून आधी नळाकडे जात, कारण पालेभाजीचं पान हमखास त्या त्रिकोणात अडकून हिरवं दिसे. आम्हाला वाटलं, घरी काही बिनसलं असेल. शिपाई एकदा म्हणाला, “बाई रागावल्यात का कुणावर? दातखीळ बसल्यासारख्या बोलतात.”

वर्गात तोंडापुढे हात धरून चालणार नव्हतं. तोंड झाकून बोलायचं नाही हा आमच्या शाळेचा पहिला नियम, तो नव्या शिक्षकांना त्यांनीच शिकवलेला. मग त्यांनी तोड काढली. बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायचा, दातांवर पडदा टाकल्यासारखा. आरशासमोर सराव करून करून त्यांनी तो ओठ असा बसवला की बोलणं चालू राही आणि हिरडीचा भाग दिसत नसे. ‘स’ म्हणताना सगळ्यात कठीण जाई. फटींतून वारा भलतीकडून निसटे, कधी थुंकीचा बारीक तुषार उडे. ओठ ओढला की निदान तुषार तरी अडे.

त्यांची भाची नोकरीसाठी त्याच गावात राहायची. तिने मोठेपणी दातांना तारा लावून घेतल्या होत्या आणि एकावर एक चढलेले पुढचे दोन दात सरळ झाल्यावर तिच्याही मधोमध एक छोटासा काळा त्रिकोण उघडा पडला होता. तिला त्याचं काही वाटत नसे.

“मावशी, हे बघ, माझ्या दातांना खिडकी आलीय,” ती तोंड वासून म्हणाली होती. “आमचा डॉक्टर म्हणतो, दात मुळाशी निमुळते आहेत, एकमेकांना फक्त टोकाशी टेकतात. पूर्वी एकावर एक होते म्हणून कळत नव्हतं. आता कडा किंचित घासून दात जवळ सरकवणार. झाली खिडकी बंद.”

“इतकं सोपं?”

“माझं सोपं. तुझं काय झालंय? हात काढ बघू.”

“काही नाही.” बाईंनी हात काढला नाही. पण भाचीच्या पर्समध्ये त्यांना एक डबी दिसली. तारा गालाला टोचू नयेत म्हणून लावायचं पांढरं मेण. “हे कशाचं गं?” विचारून त्यांनी माहिती काढली आणि जाताना सहज मागावं तशी डबी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेणाचे बारीक गोळे करून मागच्या बाजूने एकेका त्रिकोणात दाबले. आरशात पाहिलं. दात पूर्वीसारखे, सलग. त्या दिवशी हसऱ्या बाई हसल्या. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि हुश्श केलं.

मेण तोंडाच्या उबेने मऊ होतं. रोज सकाळी भरायचं, दुपारपर्यंत टिकायचं, मग मधल्या सुट्टीत पुन्हा. हिरड्यांतून पुन्हा रक्त येऊ लागलं तरी बाईंनी मनावर घेतलं नाही. एके दिवशी भिंगरी आरशापुढे ‘स’ गिरवत होती. बाईंनी तिचा हात आपल्या तोंडापुढे धरला आणि वाऱ्याचा दोरा सोडला. दोऱ्याबरोबर एक पांढरा गोळा आला आणि भिंगरीच्या हातावर पडला.

पोरीने तो पाहिला, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. बाईंचा दात पडला! तिने जमिनीवर पाय आपटून सगळ्या वर्गाला गोळा केलं, गोळा उंच धरून दाखवला. मुलं आपापले पडके दात दाखवू लागली. बाईंनाही आता नवा दात येणार असं त्यांनी खुणांनी एकमेकांना सांगितलं. एकाने बाईंच्या हातावर थोपटून धीर दिला. दुखत नाही, असं तो खुणेने सांगत होता, मला पण दुखलं नाही.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेणाची डबी त्यांनी त्याच दिवशी टाकून दिली आणि ओठ पुन्हा खाली ओढला, पूर्वीपेक्षाही घट्ट.

आणखी काही दिवसांनी मैदानावरून दोन मोठी मुलं बोलत जाताना त्यांना दिसली. बोलणं त्यांच्याविषयीच होतं, हे त्यांना आपल्या वर्गाच्या रोखाने केलेल्या इशाऱ्यावरून कळलं. पण दातांवरून फिरणारं बोट कुठे दिसलं नाही. मुलाने तळहाताने तोंड झाकलं. हीच खूण. दुसऱ्याला लगेच समजली, म्हणजे ती रूढही झाली होती. त्या आम्हाला म्हणाल्या, “पोरांनी माझं नाव बदललं.” चित्रकलेचे सर म्हणाले, “मला केस येईपर्यंत माझं काही बदलत नाही.” सगळे हसले. बाई कपाआडून हसल्या.

पुढे झालं ते या सगळ्याहून वाईट.

पहिल्या वर्गाच्या आयांना आठवड्यातून एकदा वर्गात बसायला बोलावत. बाई कशा शिकवतात ते बघायचं आणि घरी तसंच करून घ्यायचं. भिंगरीची आई कधीच चुकत नसे. कापडाच्या दुकानात काम करायची, मालकाकडून तेवढी सकाळ मागून घ्यायची. घरी तिने कपाटाचा आरसा काढून जमिनीवर टेकवला होता, कारण बाईंकडे असाच असतो. त्या शुक्रवारी तास संपल्यावर ती जवळ आली, मुलीला पुढे केलं.

“बाई, बघा ना, आता किती छान यायला लागलंय. म्हण गं, सकाळ.”

भिंगरीने आईच्या तोंडाकडे पाहिलं, वरचा ओठ खाली ओढून दातांवर घट्ट बसवला आणि म्हटलं. बाहेर आलं ते बोळ्यात गुंडाळलेलं काहीतरी. ‘स’ नव्हताच.

“सारखा ओठ वर जायचा तिचा,” आई अभिमानाने सांगत होती. “मी म्हटलं, बाई असं करत नाहीत. बाईंचा ओठ बघ, कसा खाली असतो. मग मी बोटाने खाली धरायचे. आधी रडायची, आता स्वतःच धरते.” हे सांगताना तिचाही ओठ तसाच खाली होता. सवयच लागली होती.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. खेळण्यांच्या कोपऱ्यात दोन मुलं काहीतरी बोलत होती. दोघांचे वरचे ओठ खाली.

त्या आईला त्या नुसतं “हं,” म्हणाल्या, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

“मला शिवणाच्या वर्गाला द्या.”

“का?”

बाईंनी सांगितलं. सांगतानाही एक हात तोंडावर होता. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हात काढा आधी. मला जवळचं दिसत नाही आता, काळजी करू नका.” मग म्हणाल्या, “तुम्ही शिवणाला गेलात की उद्यापासून पोरं दुसऱ्या कुणाचं तरी तोंड बघतील, ते ठीक. पण तुमच्याकडून घेतलेला ओठ त्यांच्यातून काढणार कोण? नवी बाई तर म्हणेल, ही पोरं अशीच बोलतात.”

“माझ्याच्याने वर्गात तोंड उघडवणार नाही.”

“मग डॉक्टरकडे जा. पण सोमवारी पहिल्या वर्गातच या.”

हसऱ्या बाई त्याच संध्याकाळी हिरड्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. मनात एकच, सोमवारच्या आत फटी बुजवून घ्यायच्या, म्हणजे कुणाला काही सांगावं लागणार नाही. सोबतीला भाची होती. तिला आता सगळं कळलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दिवा तोंडावर वळवला आणि एक टोकदार हत्यार त्रिकोणात घालून काहीतरी पांढरं-करडं बाहेर काढलं.

“हे काय आहे?”

“मेण.”

“कुणी भरलं?”

“मीच.”

“तारांचं मेण? फटीत? अहो, त्याच्यामागे कित्येक आठवड्यांचं अन्न कुजतंय. बघा किती रक्त येतंय. तपासणीला का नाही आलात?”

“तुम्हीच फटी पाडल्या म्हणून,” भाची मध्येच म्हणाली. “असं मावशीला वाटलं.”

डॉक्टरीणबाईंनी हत्यार खाली ठेवलं. मग त्यांनी खुर्ची सरळ केली, बाईंना बसतं केलं आणि हातात छोटा आरसा दिला. “चूक माझी. मी आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता ऐका. दोन दातांच्या मधे हिरडीचं टोक असतं ना, कोंबासारखं? ते हवेत उभं राहत नाही. त्याच्याखाली हाडाचा कणा असतो. तुमच्या वरच्या दातांत तो कणा वर असतो, एवढाच फरक. तंबूला खांब असतो तसं. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून हाडाच्या कडेपर्यंतचं अंतर पाच मिलिमीटरपर्यंत असलं तर ते टोक बहुधा सगळी जागा भरतं. सहा झालं तर निम्म्या लोकांत भरतं, निम्म्यांत नाही. तुमचं सातच्या पुढे गेलंय.”

“कशाने?”

“जुन्या आजाराने. हाड वर्षानुवर्षं झिजत होतं. पण हिरडी सुजलेली होती, म्हणून ती सूजच जागा भरत होती. फटी तेव्हाही होत्या, सुजेने झाकल्या होत्या. मी घाण काढली, सूज गेली, हिरडी मागे सरकून उरलेल्या हाडाला जाऊन बसली. फट उघडी पडली.”

बाई आरशात बघत राहिल्या. “मग ते टोक परत वाढवता नाही येत?”

“खात्रीने नाही. लोक शस्त्रक्रिया करतात, सुईने द्रव भरून फुगवून बघतात. कुणाला थोडं भरतं, कुणाचं काही दिवसांनी पुन्हा ओसरतं. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही.”

“माझ्यासारखं घासून जवळ आणलं तर?” भाची म्हणाली.

“तुझं हाड शाबूत आहे, दातांचा आकार निमुळता आहे. तुझं त्याने बंद होईल. मावशीचं नुसतं त्याने होणार नाही, शिवाय आजारातून उठलेले दात सरकवायचे म्हणजे फार जपून.” त्या पुन्हा बाईंकडे वळल्या. “तुमच्याकरता सोपं म्हणजे दातांच्या रंगाचा लेप. दाताच्या कडांना मुळाकडे थोडा थोडा चढवायचा, म्हणजे दात तिथे रुंद होतात आणि हिरडीच्या जवळ येऊन टेकतात. त्रिकोण लहान होतो. पूर्ण नाहीसा होईलच असं नाही. आणि दात फार रुंद केले तर चौकोनी फळ्यांसारखे दिसतील, म्हणून थोडी फट ठेवावीच लागते. शिवाय त्यातून साफ करायला जागा हवी.”

“मग आजच करा.”

“आज नाही.”

“सोमवारच्या आत तरी.”

“बाई, हिरडीतून रक्त येतंय. ओल्या, सुजलेल्या हिरडीशेजारी तो लेप धरत नाही. शिवाय आत्ता सूज आहे, ती उतरली की फट आणखी मोठी दिसेल. आत्ता भरलं तर माप चुकेल. आधी साफ करते. तुम्ही रोज फटींतून हा बारीक ब्रश फिरवा, जोर न लावता. काही महिन्यांनी हिरडी स्थिर झाली की मग बघू.”

“काही महिने,” बाई म्हणाल्या.

“तोवर हवं तर गुलाबी प्लॅस्टिकची हिरडी करून देता येते, पुढून बसवायची. पण बोलताना अडचण वाटेल कदाचित. तुमचं काम काय?”

“बोलायला शिकवते.”

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. “मग नकोच ती,” म्हणाल्या.

परत येताना रस्त्यात भाची म्हणाली, “मावशी, तू उद्याच त्या आईला फोन कर.” बाई म्हणाल्या, “फोनवर नाही.” एवढंच.

सोमवारी त्यांनी भिंगरीच्या आईला वर्ग सुरू होण्याआधी बोलावलं. दोघी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसल्या. बाईंनी बरीच सुरुवात मनात जुळवून आणली होती, ती सगळी विसरल्या.

“तुम्ही माझा ओठ बघून तिला शिकवलंत ना, तो ओठ चुकीचा आहे. तो धडा नव्हता. माझ्या दातांत फटी पडल्यात, त्या दिसू नयेत म्हणून मी तसं करत होते.” आणि त्यांनी ओठ वर घेतला, दाखवला.

आई बघत राहिली. ती दातांकडे बघत होती की कुठे, बाईंना कळेना.

“तिचा ओठ आपोआप वर जायचा,” आई अखेर म्हणाली. “म्हणजे ती बरोबर करत होती?”

“हो.”

“मी तिला गप्प करायचे. बोटाने दाबायचे. एकदा चापटही मारली.” आईने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. “फटींसाठी, बाई? एवढ्याशा?”

त्यांनी मान खाली घातली. आमच्यापैकी कुणी तिथे असतं तर त्यांना मान वर करायला सांगितलं असतं, कारण खाली घातलेल्या तोंडाचं काही वाचता येत नाही. त्यांनी स्वतःच ती वर केली.

“आज थांबा,” त्या म्हणाल्या. “तिला तुमच्या समोर नीट करू. माझं एकटीचं ती ऐकणार नाही, तुमचं बोट तिच्या लक्षात आहे.”

“दुकानात सांगितलं नाहीये मी.”

“हो. तरी थांबाल?”

आई थांबली. पण हसली नाही, आणि तासभर बाईंशी एक शब्द बोलली नाही.

ऊन पुन्हा आरशावर आलं होतं. बाई भिंगरीशेजारी बसल्या, तिचा हात घेतला, तोंडापुढे धरला. मग वरचा ओठ सोडून दिला. त्रिकोण स्वच्छ दिसत होते, साफसफाईनंतर आणखीनच. त्यांनी ‘स’ म्हटला. फटीतून तुषार उडाला, भिंगरीच्या हातावर पडला. तिने तो फ्रॉकला पुसला आणि मग अतिशय गंभीर चेहऱ्याने, आपल्या आईने जसं केलं असेल तसंच, बोट पुढे करून बाईंचा वरचा ओठ खाली दाबला.

बाई चुकत होत्या ना.

मागच्या खुर्चीवर आई उठून उभी राहिली. बाईंनी हाताने तिला थांब म्हटलं. भिंगरीचं बोट ओठावरून हलकेच काढलं, ओठ पुन्हा वर घेतला. पुन्हा बोट आलं. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा मुलीने मागे वळून आईकडे पाहिलं, तक्रारीने. आईने आपला ओठ वर उचलला, दात दाखवले. तिचे दातही काही धड नव्हते, एक पुढचा तिरका होता. तिने स्वतःच्या दातांकडे बोट दाखवलं, मग बाईंच्या, मग मुलीच्या.

त्या दिवशी ‘स’ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाकीची मुलं त्या ओठाच्या सवयीतून महिन्याभरात सुटली. भिंगरीला वेळ लागला, कारण ती घरी सर्वांत मन लावून शिकली होती.

सुट्टीनंतर डॉक्टरीणबाईंनी बाईंच्या दातांना लेप चढवला. एका बैठकीत, टाके नाहीत, फार दुखणंही नाही. मधला त्रिकोण तिळाएवढा उरला, बाजूचे दोन जवळजवळ बुजले. चहाने लेपाचा रंग बदलतो, कधी कडा उडते, मग पुन्हा जावं लागतं. रोज झोपण्याआधी त्या बारीक ब्रश फिरवतात. शिक्षकांच्या खोलीत त्या पुन्हा मोठ्याने हसायला लागल्या. हात मात्र अर्ध्या वाटेपर्यंत येतो अजून, मग परत जातो. मैदानावर दोन्ही खुणा चालतात. लहान मुलं बोट फिरवतात, मोठी मुलं तळहाताने तोंड झाकतात. बाईंनी कुणाला सुधारलं नाही.

भिंगरी आता वरच्या वर्गात आहे. ती बोलते, भराभर बोलते, बरंचसं कळतं. एका दुपारी बाई तिच्या वर्गावरून जात होत्या. ती मैत्रिणीला काहीतरी सांगत होती, रंगात येऊन, आणि घाईत एका शब्दापाशी तिचा वरचा ओठ सरकन खाली आला. शब्द बोळ्यात गेला. मैत्रिणीने खुणेने विचारलं, काय? भिंगरीने तो शब्द हाताने सांगितला आणि पुढे गेली.

बाई दाराशी थांबल्या. तिला हाक मारायची म्हणजे आत जाऊन खांद्याला हात लावायला हवा होता. त्या आत गेल्या.